फेरिटिन भरपूर, तरी रक्तात लोह कमी: आमवातातल्या रक्तक्षयाचा हिशोब

प्रश्न: आईला आठ वर्षांपासून रुमॅटॉइड आमवात आहे. हिमोग्लोबिन ९.१ वर अडकलंय. पाच महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट-खजूर चालू आहे, पण आकडा हलत नाही. नव्या रिपोर्टमध्ये सीरम आयर्न २६, टीआयबीसी २३२, फेरिटिन १९०, एमसीव्ही ८१, सीआरपी ४२. एक डॉक्टर म्हणतात लोह कमी आहे, दुसरे म्हणतात साठा भरपूर आहे, गोळ्या बंद करा. कुणाचं बरोबर?

उत्तर:

दोघांचंही बरोबर आहे. पहिले डॉक्टर रक्तात फिरणाऱ्या लोहाबद्दल बोलताहेत आणि दुसरे पेशींत साठवलेल्या लोहाबद्दल. तुमच्या आईंच्या शरीरात या दोन जागांमधली ये-जा अडली आहे. कणगी धान्यानं भरलेली आहे, पण कडी घट्ट लावलेली असल्यानं चुलीपर्यंत दाणा पोचत नाही, अशी ही अवस्था. ही कडी लावणारा पदार्थ यकृतात तयार होतो आणि त्याचं नाव हेप्सिडिन. तो का वाढतो आणि वाढला की काय होतं, हे एकदा लक्षात आलं की रिपोर्टमधला प्रत्येक आकडा आपोआप जागेवर बसतो. म्हणून आधी लोहाचा रोजचा हिशोब सांगतो.

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. त्यातलं दोन ग्रॅमच्या वर हिमोग्लोबिनमध्येच गुंतलेलं असतं. उरलेलं बहुतांश यकृतात आणि प्लीहा, अस्थिमज्जा, यकृत यांतल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींत साठवलेलं असतं. बायकांमध्ये हा साठा पुरुषांपेक्षा कमी असतो. अस्थिमज्जेला नव्या लाल पेशी बनवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. अन्नातून मात्र रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅमच आत येतं. बाकीचं सगळं जुन्या लाल पेशींतून येतं. साधारण १२० दिवस जगलेली पेशी प्लीहेतला मॅक्रोफेज गिळतो, तिचं हिमोग्लोबिन फोडतो आणि सुटलेलं लोह रक्तात परत सोडतो. रोजच्या गरजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग या फेरवापरातून भागतो. खाण्यापिण्याबद्दल आपण इतकं बोलतो, पण आईंच्या बाबतीत प्रश्न खाण्याचा नाहीच. तो या फेरवापराचा आहे. बिटात तर लोह फारसं नसतंच, त्याच्या लाल रंगामुळे तसा समज झाला आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची कुठलीही नियंत्रित सोय शरीराकडे नाही. मूत्रपिंड सोडियम टाकतं, पोटॅशियम टाकतं, तसं लोह टाकत नाही. आतड्याच्या झडणाऱ्या पेशी, त्वचा आणि रक्तस्राव यांतून जे जाईल तेवढंच. त्यामुळे सगळं नियंत्रण आत येण्याच्या जागेवर आणि साठ्यातून बाहेर पडण्याच्या जागेवरच ठेवावं लागतं.

आत येण्याची मुख्य जागा म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, ड्युओडेनम. वनस्पतिजन्य अन्नातलं लोह बहुतेक फेरिक रूपात असतं. आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागावरचं एक विकर त्याचं फेरस रूप करतं, मग डीएमटी-१ नावाचं वाहक प्रथिन ते पेशीत घेतं. क जीवनसत्त्व या रूपांतराला मदत करतं, आणि चहातली टॅनिनं लोहाला बांधून अडथळा आणतात, म्हणून गोळीवर लगेच चहा नको म्हणतात. मांस-मासळीतल्या हीमचं लोह वेगळ्या मार्गानं आणि जास्त सहज शोषलं जातं.

पण पेशीत शिरलं म्हणजे ते रक्तात पोचलं असं नाही. आतड्याच्या पेशीतून पलीकडे, रक्ताच्या बाजूला जायला एकच वाट आहे: फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन. माणसाच्या शरीरात पेशीतून लोह बाहेर सोडणारं हे एकमेव ज्ञात प्रथिन आहे. आणि हेच फेरोपोर्टिन मॅक्रोफेजच्या आवरणावरही असतं, यकृताच्या पेशींवरही असतं. म्हणजे अन्नातलं लोह, फेरवापराचं लोह आणि साठ्यातलं लोह, तिन्ही याच एका प्रकारच्या वाटेनं रक्तात उतरतात.

रक्तात आलेलं लोह ट्रान्सफेरिन हे प्रथिन उचलतं. एका रेणूवर लोहाचे दोन अणू बसतात. निरोगी माणसात या जागांपैकी साधारण २० ते ४५ टक्के भरलेल्या असतात, त्याला ट्रान्सफेरिन संपृक्तता म्हणतात. टीआयबीसी म्हणजे सगळ्या ट्रान्सफेरिनवर मिळून किती लोह मावू शकेल त्याचं माप. मज्जेतल्या कोवळ्या पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या ग्राहकांनी लोह भरलेलं ट्रान्सफेरिन आत ओढतात, लोह काढून घेतात आणि रिकामं ट्रान्सफेरिन परत सोडतात.

आता एका आकड्याकडे नीट बघा. कुठल्याही क्षणी रक्तातल्या ट्रान्सफेरिनवर मिळून फक्त ३ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. मज्जेची गरज दिवसाला २० ते २५ मिलिग्रॅम. म्हणजे हा रक्तातला लोहाचा अंश दिवसातून सहा-आठ वेळा पूर्ण रिकामा होऊन पुन्हा भरला जातो. मॅक्रोफेजमधून येणारी आवक थांबली, तर काही तासांत सीरम आयर्न खाली येतं, मग साठ्यात एक ग्रॅम लोह पडून असलं तरी. तुमच्या आईंचा २६ हा आकडा असाच आला आहे.

साठा ठेवणारं प्रथिन म्हणजे फेरिटिन. २४ तुकड्यांनी बनलेला एक पोकळ गोळा, त्यात सुमारे ४५०० अणूंपर्यंत लोह मावतं. पेशीत लोह मोकळं फिरलं तर ते घातक रासायनिक प्रक्रिया घडवतं, म्हणून ते असं बंदिस्त ठेवावं लागतं. रक्ततपासणीत आपण मोजतो ते पेशींतून रक्तात झिरपलेलं फेरिटिन. त्यात लोह फारसं नसतं, पण एरवी ते आतल्या साठ्याचा बऱ्यापैकी अंदाज देतं. दाह असेल तर मात्र हा अंदाज फसवतो, त्याकडे पुढे येतो.

हेप्सिडिन हा २५ अमिनो आम्लांचा छोटा पेप्टाइड. २००० आणि २००१ साली तो पहिल्यांदा जिवाणूरोधक पेप्टाइड म्हणून सापडला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टोमास गँझ यांच्या गटानं तो माणसाच्या मूत्रातून वेगळा केला होता. त्याच सुमाराला पॅरिसमधल्या संशोधकांना असे उंदीर मिळाले, ज्यांच्यात हेप्सिडिन बनत नव्हतं आणि ज्यांच्या यकृतात लोह भरमसाट साचत होतं. याचा लोहाशी संबंध आहे हे तिथून उलगडलं. तो नेमकं काय करतो हे २००४ मध्ये स्पष्ट झालं: हेप्सिडिन फेरोपोर्टिनला जाऊन चिकटतो, फेरोपोर्टिन पेशीच्या आत ओढलं जातं आणि तिथं मोडलं जातं. वाटच नाहीशी होते.

निरोगी शरीरात याचा उपयोग समतोल राखण्यासाठी होतो. साठा वाढला की यकृत हेप्सिडिन वाढवतं, त्यामुळे शोषण कमी होतं. साठा घटला, रक्तस्राव झाला, की हेप्सिडिन कमी होतं. मज्जेला लोह हवं असेल तर तिच्या कोवळ्या पेशी एरिथ्रोफेरॉन हे संप्रेरक सोडतात आणि ते यकृताला हेप्सिडिन कमी करायला लावतं. हे संप्रेरक २०१४ मध्ये सापडलं.

दाह सुरू झाला की या व्यवस्थेवर तिसरा हात येतो. सांध्यांत, फुप्फुसात, आतड्यात दाह असला की इंटरल्युकिन-६ हा संदेशवाहक वाढतो आणि तो यकृताच्या पेशींना थेट हेप्सिडिन बनवायला लावतो. निरोगी स्वयंसेवकांना इंटरल्युकिन-६ शिरेतून दिल्यावर दोन तासांत मूत्रातलं हेप्सिडिन साडेसात पटींच्या आसपास वाढलं आणि सीरम आयर्न सुमारे एक तृतीयांश घसरलं. एवढ्या झटपट घसरण होते, कारण वर सांगितलेला तो ३ मिलिग्रॅमचा लहानसा अंश.

शरीर असं का करतं, यालाही उत्तर आहे. जिवाणूंना वाढायला लोह लागतं. संसर्ग झाल्यावर रक्तातलं लोह आवळून घेणं हा त्यांना उपाशी ठेवण्याचा मार्ग आहे. चार-आठ दिवसांच्या तापात याचा काही तोटा नाही. पण आमवातात शत्रू जिवाणू नसतोच आणि दाह वर्षानुवर्षं चालतो. तेव्हा हाच उपाय मज्जेची उपासमार करतो.

हेप्सिडिन एकटाच एवढं करू शकतो का, अशी शंका येईल. त्याचं उत्तर काही विरळ रुग्णांनी दिलं. ग्लायकोजेन साठण्याच्या एका जन्मजात आजारात यकृतात अॅडेनोमा नावाच्या गाठी होतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत असे काही रुग्ण होते, ज्यांच्या गाठीच हेप्सिडिन तयार करत होत्या. त्यांना तीव्र रक्तक्षय होता, तोंडानं दिलेल्या लोहाचा उपयोग होत नव्हता, शिरेतून दिलेल्याचाही अर्धवटच. गाठ काढल्यावर किंवा यकृत बदलल्यावर रक्तक्षय बरा झाला.

तरीही दीर्घ आजारातल्या रक्तक्षयात हेप्सिडिन हे एकमेव कारण नाही, हे सांगायला हवं. मज्जेला लाल पेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोइटिन हे संप्रेरक मूत्रपिंडातून येतं. दाहातले संदेशवाहक त्याचा प्रतिसाद मंदावतात, मज्जेतल्या पेशींची वाढ थेट दाबतात आणि लाल पेशींचं आयुष्यही थोडं कमी करतात. एरिथ्रोपोइटिन कमी म्हणून एरिथ्रोफेरॉनही कमी, आणि मग हेप्सिडिन खाली आणायला मज्जेचा आवाज पुरेसा पोचत नाही.

आता आईंचा रिपोर्ट हातात घेऊ.

२६ ला २३२ नं भागून शंभरनं गुणा: संपृक्तता ११ टक्के. म्हणजे मज्जेला लोह कमी पडतंय, यात शंका नाही. टीआयबीसीची नेहमीची मर्यादा साधारण २५० ते ४००. नुसती लोहाची कमतरता असती तर यकृतानं ट्रान्सफेरिन वाढवलं असतं आणि टीआयबीसी ४०० च्या वर दिसली असती. इथं ती उलट खाली आहे, कारण दाहात यकृत ट्रान्सफेरिन कमी बनवतं. या दोन अवस्था ओळखायची माझी पहिली खूण हीच: सीरम आयर्न दोन्हींत कमी असतं, टीआयबीसी मात्र विरुद्ध दिशांना जाते. एकट्या सीरम आयर्नवरून लोहाची कमतरता ठरवू नये, असं मी शिकाऊ डॉक्टरांना पुन्हापुन्हा सांगतो.

फेरिटिन १९०. दाह नसता तर हा भरपूर साठा मानला असता. पण दाहात ते दोन कारणांनी वाढतं: लोह मॅक्रोफेजमध्ये अडकतं म्हणून, आणि दाहाचे संदेशवाहक फेरिटिनचं उत्पादन स्वतंत्रपणेही वाढवतात म्हणून. सीआरपी ४२ आहे, म्हणजे दाह चांगलाच पेटलेला आहे. अशा वेळी ३० च्या खालचं फेरिटिन म्हणजे साठा संपलाच. ३० ते १०० असेल तर कमतरता दडलेली असण्याची शक्यता धरावी. १०० च्या वर असेल आणि संपृक्तता २० टक्क्यांहून कमी, तर लोह आहे पण वापरता येत नाही, असं समजतात. आई या तिसऱ्या गटात बसतात.

तरी एक शंका उरते आणि ती मी सहज सोडणार नाही. आमवाताचे रुग्ण वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेतात. त्यांनी जठरात व्रण होऊन थोडंथोडं रक्त जात राहू शकतं, तेही न दुखता. हिमोग्लोबिनच्या एका ग्रॅममध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. हिमोग्लोबिन ९ असलेलं १० मिलिलिटर रक्त रोज गेलं तर रोज ३ मिलिग्रॅम लोह गेलं, शोषणाच्या दुप्पट. म्हणजे दाह आणि खरी कमतरता एकत्र असू शकतात, आणि मिश्र अवस्थेत फेरिटिन मध्येच कुठेतरी अडकून दोघांनाही लपवतं.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार. तो ८१ हा आकडा इथं फारशी मदत करत नाही. दीर्घ आजारातल्या रक्तक्षयात पेशींचा आकार बहुधा सामान्य किंवा किंचित लहान असतो, कमतरतेत लहान होत जातो. पण आई मेथोट्रेक्सेट घेत असतील, तर ते औषध पेशी मोठ्या करतं आणि कमतरतेचा परिणाम झाकून टाकू शकतं. शाकाहारी असतील तर बी-१२ ची उणीवही तेच करते. म्हणून एवढ्या तपासण्या डॉक्टरांशी बोलून करून घ्या: शौचातलं सुप्त रक्त, बी-१२, क्रिएटिनिन आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशींची मोजणी. क्रिएटिनिन यासाठी की हेप्सिडिन मूत्रपिंडावाटे जातो. मूत्रपिंड मंदावलं की तो साचतो, शिवाय एरिथ्रोपोइटिनही कमी पडतं. मोठ्या प्रयोगशाळेत विरघळणाऱ्या ट्रान्सफेरिन ग्राहकांची तपासणी मिळते. मज्जा खरोखर उपाशी असली की हे ग्राहक वाढतात, आणि दाहानं फेरिटिन फसतं तसं ते फसत नाहीत. नुसत्या दीर्घ आजारात ते सामान्य असतात, मिश्र अवस्थेत वाढलेले. हेप्सिडिन स्वतः मोजण्याची सोय रोजच्या उपचारात अजून रुळलेली नाही.

आणखी एक खूण: दीर्घ आजाराच्या रक्तक्षयात हिमोग्लोबिन बहुधा ८ ते १० च्या आसपास राहतं. ते ८ च्या खाली उतरलं किंवा थोड्या आठवड्यांत झपाट्यानं घसरलं, तर आमवातावर ढकलू नये, रक्तस्राव किंवा दुसरं कारण शोधावं. बऱ्याच दिवसांचा ताप, खोकला, वजन घटणं असेल तर आपल्याकडे क्षयरोगाचाही विचार करावा लागतो, विशेषतः आमवाताची दाहशामक औषधं सुरू असताना. क्षयरोगातला रक्तक्षयही बऱ्याच अंशी याच मार्गानं होतो आणि औषधं लागू पडल्यावर सहसा सुधारतो.

गोळ्या का लागू पडल्या नाहीत, हेही आता कळेल. त्यांतलं लोह आतड्याच्या पेशीत शिरलं, पण फेरोपोर्टिन नसल्यानं पलीकडे जाऊ शकलं नाही, तिथल्याच फेरिटिनमध्ये बसलं. तीन ते पाच दिवसांत ती पेशी झडली आणि लोह शौचावाटे गेलं. पाच महिने रोज हेच. जोडीला पोटात जळजळ आणि बद्धकोष्ठता. दुसऱ्या डॉक्टरांचं गोळ्या थांबवण्याचं म्हणणं म्हणून मला पटतं. पण रक्तस्रावाची तपासणी झाल्याशिवाय विषय मिटला असं मानणं मात्र पटत नाही.

शिरेतून लोह द्यावं का, हा पुढचा प्रश्न येईलच. ते आतड्याची अडवणूक टाळतं, पण इंजेक्शनमधलं लोह आधी मॅक्रोफेजच गिळतात, आणि तिथून बाहेर यायला पुन्हा फेरोपोर्टिनच लागतं. त्यामुळे परिणाम होतो, पण दाह जोरात असेल तर अपुरा. मूत्रपिंडाचा आजार, आतड्याचे दाहजन्य आजार आणि हृदयाची दुर्बलता यांत याचा फायदा चांगला सिद्ध झाला आहे. आईंच्या बाबतीत मिश्र कमतरता सिद्ध झाली तर ते योग्य ठरेल. अंगात संसर्ग असताना मात्र देऊ नये. एरिथ्रोपोइटिनची इंजेक्शनं मूत्रपिंडाच्या रुग्णांत वापरतात. आमवातात ती पहिली निवड नव्हे, कारण त्यांनी रक्तदाब वाढतो आणि गुठळ्यांचा धोका असतो.

खरा उपचार आमवाताचा. सीआरपी ४२ म्हणजे सध्याची औषधं पुरी पडत नाहीत. आमवाताच्या तज्ज्ञांना हा रिपोर्ट दाखवा आणि डोस किंवा औषध बदलायची गरज आहे का ते विचारा. इंटरल्युकिन-६ चा ग्राहक अडवणारं टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन हेप्सिडिन खाली आणतं आणि अशा रुग्णांत काही आठवड्यांत हिमोग्लोबिन वाढू लागतं. पण ते महाग आहे, संसर्गाचा धोका वाढवतं, आणि ते देण्याआधी सुप्त क्षयरोगाची तपासणी लागते. नुसत्या हिमोग्लोबिनसाठी ते कुणी देत नाही. सांध्यांसाठी गरज असेल तर रक्तक्षयालाही त्याचा लाभ होतो.

दाह आटोक्यात येतो तेव्हा सुधारणेचा एक ठरावीक क्रम दिसतो. आधी सीआरपी उतरतो, मग सीरम आयर्न आणि संपृक्तता वर येतात, त्यानंतर रेटिक्युलोसाइट, आणि हिमोग्लोबिन सगळ्यांत शेवटी, एक-दोन महिन्यांत. म्हणून दर आठवड्याला हिमोग्लोबिन करून निराश होऊ नका. सीआरपी आणि संपृक्तता महिन्यानं एकत्र बघा.

फेरिटिन मात्र सीआरपी सामान्य झाल्यावर पुन्हा करायला विसरू नका. अडकलेलं लोह मज्जेकडे गेलं की ते उतरणारच. १९० वरून ९० झालं आणि हिमोग्लोबिन वाढलं, तर सगळं अपेक्षेप्रमाणे चाललंय. पण ते २५-३० वर आलं आणि हिमोग्लोबिन १० च्या पुढे सरकेना, तर दाहाखाली खरी कमतरता दडलेली होती असं समजा. त्या वेळी तोंडानं दिलेली गोळी लागू पडेल, कारण आता फेरोपोर्टिन मोकळं आहे. तेव्हाही रोज दोन-तीन गोळ्या नकोत. ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोहाचा एक डोससुद्धा हेप्सिडिनला चोवीस तास वर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीचं शोषण घटवतो, हे झ्युरिकमधल्या अभ्यासांत दिसलं आहे. एक गोळी, एक दिवसाआड, सकाळी, चहापासून दूर, लिंबूपाण्याबरोबर. आणि गोळी सुरू करतानाच, रक्त कुठून जातंय हे शोधायला एंडोस्कोपीची वेळ ठरवून घ्या.